दहा बाय बाराच्या खोलीत कोणता माईक? कॉलर, शॉटगन की हातातला फोन

आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला जास्त सोयीचा आहे, कारण मध्ये दोन कमांड आहेत आणि थोडी वीत-हाताची मोजणी आहे. म्हणून हा लेखी मजकूर जरा सविस्तर देतोय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, लालबागला चाळीत राहतात. वय ८४. गिरणीत साचेखात्यात होते. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा ते कामावर होते, आणि नंतर ते खातं त्यांच्यासाठी पुन्हा कधी उघडलंच नाही. हे सगळं त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करायचं, असं मी वर्षभर घोकत होतो. एका मित्राकडून शॉटगन माईक मागून आणला. लांबलचक, काळा, वर केसाळ टोपी. तो हातात घेतला की आपल्याला काहीतरी कळतं असं उगीच वाटतं.

आजोबा पलंगावर बसले, खिडकीकडे पाठ करून. मी समोरच्या भिंतीशी, साधारण सहा फुटांवर, स्टँडवर माईक लावला आणि तो बरोब्बर त्यांच्या तोंडाकडे रोखला. ते एक तास चाळीस मिनिटं बोलले. शेवटच्या पगाराच्या दिवशी ते घरी कसे चालत आले आणि आजीला काय सांगितलं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

घरी येऊन हेडफोन लावले. पंखा, बस, शेजारच्यांचा कुकर आणि या सगळ्याच्या मागे, विहिरीतून आल्यासारखे आजोबा. शब्द निम्मे कळतात, निम्मे आपण अंदाजाने भरायचे.

असं का झालं, ते बघू. कारण कळलं की कोणता माईक घ्यायचा हा प्रश्न अर्धा तिथेच सुटतो.

आधी वीत, मग माईक

एक वीत म्हणजे साधारण २०-२२ सेंटिमीटर. तोंडापासून माईक एका विती​वर असेल तर त्याला आवाजाची एक पातळी मिळते. अंतर दुप्पट केलं, म्हणजे दोन विती, की तोंडातून थेट येणारा आवाज ६ डेसिबलने उतरतो. चार विती केलं की अजून ६. आठ विती, म्हणजे जवळजवळ सहा फूट, केलं की एकूण १८ डेसिबल गेले.

आता गंमत इथे आहे. आजोबांचा आवाज उतरला, पण पंख्याचा उतरला का? नाही. पंख्याचा आवाज भिंतींवर आपटून आपटून खोलीभर पसरलेला असतो. माईक कुठेही ठेवा, तो जवळपास तेवढाच मिळतो. रस्त्याचा आवाजही खिडकीतून आत आला की तसाच पसरतो. म्हणजे माईक लांब नेला की बोलणं खाली जातं आणि गोंगाट तिथेच राहतो. मग आपण एडिटिंगमध्ये आवाज वाढवतो, तर दोन्ही एकत्र वाढतात. हातात काहीच येत नाही.

आणि फक्त पंखाच नाही. आजोबांचा स्वतःचा आवाजसुद्धा भिंतींवरून परत येतो. चाळीतली खोली दहा बाय बारा, उंची दहा फूट, खाली फरशी, भिंती उघड्या. अशा खोलीत तोंडापासून साधारण दीड फुटापुढे गेलं की थेट आवाजापेक्षा भिंतीवरून परतलेला आवाज जास्त व्हायला लागतो. विहिरीतून बोलल्यासारखं वाटतं ते यामुळे. आणि हा घुमा नंतर काढणं सगळ्यात अवघड, कारण तो आजोबांच्याच आवाजाचा बनलेला आहे. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे वेगळं करायला जागाच उरत नाही.

तर पहिला प्रश्न 'कोणता माईक?' हा नाहीच. पहिला प्रश्न असा: या माणसाच्या तोंडापासून एक-दीड विती​वर मी काय नेऊ शकतो?

शॉटगन म्हणजे दुर्बीण नव्हे

माझा गैरसमज असा होता की शॉटगन माईक लांबचा आवाज जवळ ओढून आणतो, कॅमेऱ्याच्या झूमसारखा. तो काहीही ओढत नाही. तो बाजूचा आवाज थोडा कापतो, एवढंच.

कसा कापतो? पुढे एक नळी असते आणि तिच्या अंगाला फटी असतात. समोरून आलेला आवाज नळीतून सरळ माईकपर्यंत जातो. बाजूने आलेला आवाज सगळ्या फटींमधून आत शिरतो, पण प्रत्येक फटीतून माईकपर्यंतचा रस्ता कमी-जास्त लांबीचा. म्हणून त्या लाटा पुढेमागे पोचतात आणि एकमेकींना खोडतात.

मात्र ही खोडाखोडी व्हायला लाटेची लांबी नळीच्या लांबीपेक्षा लहान असावी लागते. हिशेब करून बघा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. नळी २५ सेंटिमीटरची धरली, तर ३४३ भागिले ०.२५, म्हणजे जवळपास १४०० हर्ट्झ. त्याच्या वरच नळी नीट काम करते. त्याच्या खाली नळी असून नसल्यासारखी, मागे जी साधी दिशादर्शक कॅप्सूल आहे तिचाच काय तो उपयोग. कॅमेऱ्यावर बसवायच्या आखूड शॉटगनमध्ये ही मर्यादा अजून वर सरकते. आणि बसचं इंजिन, पंख्याची घरघर, फ्रीजचा गुंजारव? या सगळ्यांचा मोठा भाग १४०० हर्ट्झच्या खालीच असतो.

दुसरी अडचण खोलीची. मोकळ्या मैदानात बाजूचा आवाज बाजूनेच येतो. बंद खोलीत तोच आवाज समोरच्या भिंतीवर आपटून पुढूनही येतो, आणि नळीच्या दृष्टीने तो 'समोरचा' आवाज झाला. शिवाय बाजूने शिरलेल्या आवाजाच्या काही लाटा खोडल्या जातात, काही राहतात. त्यामुळे जे उरतं ते पोकळ, डब्यातल्यासारखं ऐकू येतं.

तिसरी चूक पूर्णपणे माझी. आजोबा खिडकीकडे पाठ करून बसलेले. म्हणजे मी त्यांच्याकडे रोखलेला माईक खरं तर त्यांच्या खांद्यावरून थेट रस्त्याकडे रोखलेला होता! दिशेचा माईक वापरायचा तर गोंगाट माईकच्या पाठीशी पाहिजे. म्हणजे बोलणाऱ्याने खिडकीकडे तोंड करून बसायचं आणि माईक खिडकीच्या बाजूने त्याच्याकडे बघणार.

मग शॉटगन निरुपयोगी आहे का? अजिबात नाही. माणसाला काही चिकटवता येत नसेल, किंवा व्हिडिओत माईक दिसायला नको असेल, तर स्टँडचा आडवा हात लावून तो कपाळाच्या थोडा पुढे, डोक्यावरून दोन विती​वर, तोंडाकडे झुकवून धरता येतो. तेवढ्या अंतरात तो छान काम करतो. बाहेर, मोकळ्या जागेत तर आणखी छान. सहा फुटांवरून, छोट्या खोलीत, नाही.

कॉलर माईक: जवळ आहे म्हणून जिंकतो

दुसऱ्या वेळी मी तारेचा साधा कॉलर माईक नेला. हा बहुतेक वेळा चहूबाजूंनी ऐकणारा असतो, दिशा वगैरे काही नाही. तरीही तो शॉटगनला हरवतो, कारण तो हनुवटीखाली एका विती​वर बसतो. आठ विती​वरून एका विती​वर आलो म्हणजे १८ डेसिबल परत मिळाले. शॉटगनची दिशेची कमाई खोलीत फार तर पाच-सहा डेसिबल धरा. हिशेब सरळ आहे.

इथे बसायची जागा उलटी होते, बरं का. कॉलर माईक छातीवर असतो, म्हणून शरीर त्याची आडभिंत बनतं. आता आजोबांची पाठ खिडकीकडेच चांगली. निदान हॉर्न आणि ब्रेकचा कर्कशपणा तरी थोडा अडतो.

पण कॉलर माईकच्या स्वतःच्या तीन खोड्या आहेत.

पहिली म्हणजे कापडाची खसखस. आजोबांचा सदरा कडक इस्त्रीचा. हात हलला की खर्रर्र. त्यासाठी मेडिकलमध्ये मिळणारी कागदी चिकटपट्टी घ्या. क्लिपच्या खाली तारेचा एक छोटा वळसा करा आणि तो कापडाच्या आतून चिकटवा, म्हणजे तार ओढली गेली तरी धक्का माईकपर्यंत जात नाही. माईक बाहेर, उघडा राहू द्या. लपवायला गेलात तर खसखस वाढणार आणि आवाजाची धारही जाणार. साडी असेल तर पदरावर लावू नका, पदर सरकत राहतो. ब्लाउजच्या गळ्याशी लावा आणि मंगळसूत्र त्यावर आपटत नाही ना, ते बघा.

दुसरी खोडी पंख्याच्या वाऱ्याची. छताचा पंखा थेट डोक्यावर असला की वारा माईकवर पडतो आणि घुप्प-घुप्प असा जाड आवाज येतो. पंख्याच्या घरघरीपेक्षा तो वेगळा ओळखू येतो, कारण तो एकसारखा नसतो, झोत येईल तसा वरखाली होतो. सोबत मिळालेली स्पंजची टोपी लावा आणि पलंग पंख्याखालून दोन फूट सरकवा. पंखा बंद करून ८४ वर्षांच्या माणसाला मुंबईत तासभर बसवू नका. एक नंबरवर ठेवा.

तिसरी खोडी सगळ्यात वाईट, कारण ती घरी आल्यावरच कळते: माईक लावलाय, पण रेकॉर्डिंग फोनच्याच माईकने झालंय. गोल पिन बघा. तिच्यावर काळ्या रिंगा दोन असतील तर ती कॅमेऱ्याची पिन, तीन असतील तर फोनची. दोन रिंगांची पिन फोनमध्ये घातली की फोन तिला साधा हेडफोन समजतो आणि आवाज स्वतःच्याच माईकने घेतो. टाइप-सी पिनचा माईक असला तरी एखादं ॲप फोनचाच माईक धरून बसू शकतं. म्हणून दर वेळी ही परीक्षा करायचीच: रेकॉर्ड चालू करा, कॉलर माईकवर नखाने हळूच खाजवा, मग फोनच्या खालच्या कडेला खाजवा, आणि ऐका. ज्या वेळची खरखर मोठी, तो माईक चालू आहे. दहा सेकंदांचं काम.

आणि काहीच नसेल तर? फोन आहेच

फोनच्या माईकला नावं ठेवायची पद्धत आहे, पण माईक म्हणून तो वाईट नसतो. वाईट असतं ते अंतर. फोन आपण टेबलावर ठेवतो, माणूस मागे टेकून बसतो, झाल्या चार विती. तोच फोन एका विती​वर आणला की तो कॉलर माईकच्या जवळ जाऊन पोचतो.

कसा आणायचा? माईक बहुतेक फोनच्या खालच्या कडेला असतो, चार्जिंगच्या खाचेशेजारी. ती कड तोंडाकडे करून फोन हातात धरा, हनुवटीच्या जरा खाली आणि एका बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ'ची फुंकर थेट त्यावर बसणार नाही. तासभर हात दुखतो, म्हणून मांडीवर दोन उशा आणि त्यावर गोधडी ठेवून त्यावर फोन टेकवा. गोधडीचा दुसरा फायदा असा की नुसत्या टेबलावरून उसळणारा आवाज ती शोषते. एअरप्लेन मोड विसरू नका.

फोनची खरी खोड म्हणजे आवाजाची पातळी तो स्वतःच वरखाली करतो. आजोबा बोलत असतात तेव्हा ठीक. ते थांबले, आठवायला लागले, की फोनला वाटतं आवाज कमी झाला, आणि तो वाढवतो. मग त्या शांततेत पंखा हळूहळू वर चढतो, ते पुन्हा बोलले की झपकन खाली. हे तुमच्या फोनमध्ये होतंय का, ते ओळखायला एक वाक्य बोला, दहा सेकंद गप्प बसा, पुन्हा बोला. गप्प वेळात पंखा फुगत असेल तर पातळी हाताने ठरवता येईल असं रेकॉर्डर ॲप वापरा आणि मोठ्यात मोठा शब्द −१२ ते −६ डेसिबलच्या मध्ये राहील असं ठेवा.

माझी मोजणी

दुसऱ्या खेपेला मी आधी एकटाच गेलो आणि मोजून घेतलं. इंजिनिअर आहे, सवय जात नाही. प्रत्येक माईकने एकच फाइल: पहिली १५ सेकंद कुणी बोलायचं नाही, मग अर्धा मिनिट आजीने पेपर वाचायचा. पातळी आपोआप बदलणारी सोय बंद, नाहीतर सगळी मोजणी खोटी. मग लॅपटॉपवर:

```
ffmpeg -ss 0 -t 15 -i test.wav -af "highpass=f=100,volumedetect" -f null -
ffmpeg -ss 18 -t 25 -i test.wav -af "highpass=f=100,volumedetect" -f null -
```

पहिली ओळ नुसत्या खोलीची पातळी सांगते, दुसरी बोलण्याची. दोन्हींच्या उत्तरात `mean_volume` शोधा आणि वजाबाकी करा. `highpass` यासाठी की १०० हर्ट्झच्या खालची थरथर फोनवर ऐकणाऱ्याला जवळपास ऐकूच येत नाही, मग ती मोजायची कशाला?

शॉटगन, सहा फुटांवर: खोली −४१, बोलणं −३२. फरक ९ डेसिबल. फोन टेबलावर, चार विती​वर: फरक १०. म्हणजे तो भारी दिसणारा माईक आणि टेबलावरचा साधा फोन जवळजवळ बरोबरीत! फोन एका विती​वर: २०. कॉलर माईक: २१.

शेवटच्या दोघांतला एका डेसिबलचा फरक कानाला कळतही नाही. तरी मी कॉलर माईक निवडला, एकाच कारणासाठी: माणूस मान वळवतो, मागे टेकतो, हसताना पुढे झुकतो, आणि कॉलर माईक त्याच्याबरोबर जातो. फोन जागेवर राहतो. आजोबांच्या हातात फोन दिला असता तर दहाव्या मिनिटाला तो मांडीवर गेला असता.

माझा स्वतःचा नियम आता असा आहे. फरक २० किंवा वर असेल तर बिनधास्त रेकॉर्ड करा. १५ च्या खाली असेल तर रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधीच काहीतरी हलवा: माईक, पलंग, खिडकी. लोकलमध्ये इअरफोन लावून ऐकणाऱ्याच्या कानात आधीच एक गोंगाट असतो. त्यात तुमच्या खोलीचा भरला की तो पाचव्या मिनिटाला दुसरं काहीतरी लावतो.

दोन माणसं बोलणार असतील तर दोन कॉलर माईक, आणि दोघांमधलं अंतर प्रत्येकाच्या तोंड-माईक अंतराच्या निदान तिप्पट. एक वीत असेल तर तीन विती. त्याहून जवळ बसलात तर दोघांचेही आवाज दोन्ही माईकमध्ये शिरतात आणि मिसळल्यावर पोकळ वाटतात. एकच माईक असेल तर तो ज्याची गोष्ट आहे त्याला लावा. तुमचे प्रश्न नंतर घरी बसूनही पुन्हा बोलता येतील.

दुसरं रेकॉर्डिंग

आजोबांना माईक लावला, नखाने खाजवून बघितलं, आजीला कुकर अर्ध्या तासाने लावायला सांगितला. आवाज इतका स्वच्छ आला की ते बोलायच्या आधी घेतात तो श्वासही ऐकू येतो.

मग मी विचारलं, "आजोबा, त्या शेवटच्या पगाराच्या दिवसाचं सांगा ना."

"अरे, ते सांगितलं ना मागच्या वेळी," ते म्हणाले. "त्या दिवशी चालत आलो घरी. झालं."

एवढंच. आजीला काय सांगितलं, ते पुन्हा आलं नाही. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही. ती गोष्ट आता माझ्याकडे पहिल्या फाइलमध्येच आहे, ९ डेसिबलवाल्या. हेडफोन लावून, एकेक वाक्य दहा-दहा वेळा ऐकून मी ते कागदावर उतरवतोय. आठ मिनिटांच्या तुकड्यातले अकरा शब्द अजून लागलेले नाहीत.

तेव्हा मंडळी, माईक कोणताही असू द्या, आधी १५ सेकंद गप्प बसा, अर्धा मिनिट बोला, वजाबाकी करा, आणि मगच त्यांना म्हणा, "हं, आता सांगा."

भेटू पुढच्या भागात.